साठ महिन्यायचा कागद

लोकं म्हणतेत, या बाईच्या जिभेले हाड नाई. नसू दे. जिभेले हाड असतं तं आमचा दाब कवाच सावकाराच्या घरी गेला असता, अन् आज मी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत राह्यली असती.

दाब म्हणजे कापूस दाबाचा. अमरावतीच्या बाजाराले लागूनच आमची जागा होती. मधात जाड लाकडाची चौकट, तिच्यात मंबईहून आणलेलं लोखंडी मळसूत्र, अन् त्याले फिरवाले लांब दांडे. आठ-दहा गडी दांड्याले छाती लावून गोल फिरले का मळसूत्र खाली उतरे अन् ढिगारभर रुई एका गाठीत बसे. गाडीवान खूश, कावून का एका गाडीत दुप्पट माल जाये. समुद्रापल्याड कुठंशी लढाई लागली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, अन् आमच्या वऱ्हाडच्या कापसाले सोन्याचा भाव आला होता. मळसूत्र यायच्या आधी आमी गावचे साधे शेतकरी होतो. मळसूत्र आलं, अन् लोकं आमच्या घरच्यायले, म्हणजे माह्या मालकायले, शेठ म्हणू लागले.

पण ते मळसूत्र फुकट आलं नवतं. त्याच्यासाठी अमरावतीच्या एका सावकाराजवळून पाच हजार रुपये काढले होते. दिवाळीच्या पाडव्याले कागद झाला; आमाले अक्षर येत नवतं, सावकाराच्या मुनीमानंच तो वाचून दाखवला. रुपया शेकडा व्याज, म्हणजे महिन्याचे पन्नास. दर दिवाळीले नुसतं व्याज द्यायचं. मुद्दलाले हात लावाचं काम नाई. पाच सालाची मुदत सरली का पाचही हजार एकदम, एका रकमेनं. नाई दिले तं दाब, चौकट, जागा, सारं सावकाराचं.

सावकार लय गोड बोलला. त्याचे शबद होते, "मुद्दलाची चिंता आतापासून कायले? धंदा करा, व्याज द्या, खुशाल राहा."

आमच्या घरचे खुशाल झाले. मी नाई झाली. मी दाराआड बसून ऐकत होती, अन् माह्या मनात एकच गोष्ट आली. हा माणूस व्याजासाठी पैसे देऊन नाई राह्यला. हा त्या शेवटच्या दिवसासाठी देऊन राह्यला. लोकं व्याज देत जातेत, उरलेला पैसा खात जातेत, अन् एक दिवस सारं मुद्दल डोक्यावर पडते. तवा हा दाब उचलून नेईन. मले त्याचा तवाच राग आला, अन् तो राग मी जपून ठेवला.

त्या रात्रीच नाई, पण त्याच आठवड्यात मी घरच्यायले सांगतलं, "दर हंगामातून मुद्दलाचा हिस्सा बाजूले काढाचा. अन् तो घरात ठेवाचा नाई."

"मंग कुठं ठेवाचा?"

"अकोल्याले."

ते हासले. "अकोल्याले कावून? अमरावतीत पेढ्या मेल्या का?"

"अमरावतीत ठेवला तं सावकाराले समजते. घरात ठेवला तं तुमाले समजते."

अकोल्याले एक म्हातारे शेठ होते, माह्या माहेरचा कापूस तेच घेत. त्यायची पेढी लहान, पण शबद पक्का. त्यायच्यापाशी ठरवलं. दर अखजीले, म्हणजे अक्षय्यतृतीयेले, हंगाम उरकला का, पावणेनऊशे रुपये जमा कराचे. ते आठ आणे शेकडा व्याज देतीन, अन् पाचव्या दिवाळीच्या पाडव्याले सारं एकदम परत करतीन. अशा पाच रकमा अन् त्यायचं व्याज मिळून पाच हजार भरत होते, वर थोडे उरतही होते. सावकाराले आमी रुपया द्याचा अन् शेठजवळून आठ आणे घ्याचे, हा तोटाच होता, ते मलेही समजत होतं. पण शेवटच्या दिवशी हातात पाच हजार असाची ती किंमत होती.

दोन गोष्टी मी तिथं घासून घेतल्या. एक, वर्षात अधिक महिना आला तं त्याचंही व्याज पाह्यजे. शेठ म्हणाले, "बाई, अधिकाचं कोण मांगते?" म्या म्हटलं, "आमचा सावकार मांगते. तो घेते, तं तुमी कावून नाई देणार?" दुसरी गोष्ट, पैसा निघाचा असन तं दोघायच्या निशाणीशिवाय निघाचा नाई. घरच्यायची निशाणी नांगराची, माही बांगडीची. दोन्ही असल्याबिगर एक छदाम नाई.

ही दुसरी गोष्ट लय कामी आली. तिसऱ्या साली कापसाचा भाव असा चढला का माणसं येडी झाली. ज्याच्या बैलाच्या गळ्यात घुंगरू नवते, त्यानं चांदीचे घुंगरू केले. आमच्या घरच्यायच्या डोक्यात आलं का ठेवीच्या पैशाचा कापूस घेऊन ठेवाचा, महिन्याभरात दीडपट. मले न सांगता एक दिवस अकोल्याले गेले. शेठनं पाणी देल्लं, पान देल्लं, अन् इचारलं, "बांगडी कुठं हाये?" आले तसेच परत. पारावर जाऊन माह्या नावानं बोटं मोडली. गावभर बोभाटा झाला, का याची बायको याले पैसा काढू देत नाई. म्या म्हटलं, बोला बाप्पा, पोट भरून बोला. माहा पैसा बोलल्यानं कमी होत नाई.

चवथ्या सालाच्या शेवटाले लढाई थांबल्याची खबर आली अन् भाव धाडकन पडला. ज्यायनं कापूस भरून ठेवला होता, त्यायचे डोळे पांढरे झाले. आमच्या घरचे त्या दिवशी ओसरीवर बसून राह्यले. मंग आत आले अन् म्हणाले, "तू वाचवलं." म्या म्हटलं, "हाव." आणखी काय म्हणू? खरंच होतं ते.

पाचव्या साली दाबाले काम निम्मं होतं. तरी अखजीची शेवटची रक्कम भरली. घरात फक्त मिठाचं अन् तेलाचं तेवढं ठेवलं. दिवाळीचं व्याजही वेगळं काढून ठेवलं. त्या साली उन्हाळ्यात अधिक महिना होता, म्हणून सहाशे नाई, साडेसहाशे काढले. म्या मनात म्हटलं, आता पाडव्याले सावकाराच्या दारात जाते अन् पैसे त्याच्या पुढ्यात ओतते.

मंग आखाडात एक दिवस सावकार सोता आमच्या दाबावर आला. संगं एक मंबईचा माणूस, टोपी घातलेला. पाऊस होता, दाब बंद होता. तो माणूस मळसूत्राले हात लावून पाहे, चौकटीचे खांब ठोके, सुतळीनं जागा मोजे. आमच्या घरचे नुसते बाजूले उभे. मले राहावलं नाई. मी समोर गेली.

"शेटजी, दुसऱ्याच्या घरात सुतळी कायले लावून राह्यले?"

तो हासला. "दुसऱ्याचं कवापोतर राह्यते, बाई? मुदत भरून राह्यली. पोळा झाला का दुसऱ्या दिवशी."

"पोळ्याले? मुदत दिवाळीची हाये."

"कागद पाहा. पाच सालं नाई लिवलं. साठ महिने लिवलं हाये. मोजा."

मी मोजले. तिथंच उभ्यानं, बोटावर. पाडव्यापासून पाडवा बारा महिने, असं आमी सारे वऱ्हाडातले लोकं मोजतो. अधिक महिना आला तं तो धोंड्याचा म्हणून जावयाले खाऊ घालतो अन् सोडून देतो. पण या मधात दोन अधिक आले होते, एक दुसऱ्या सालच्या पावसाळ्यात, अन् एक यंदाच्या उन्हाळ्यात. दोन्ही धरले का साठ महिने दिवाळीले नाई, भादव्याच्या पहिल्या दिवशी भरत होते. म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे आमच्या ठेवीच्या दोन महिने आधी.

तोंडचं पाणी पळालं माह्या. खोटं कायले सांगू.

अन् वरून राग असा आला का अंगाची आग झाली, कावून का त्याची गोष्ट चूक नवती. पहिल्या अधिकाचं व्याज त्यानं तेरावा महिना म्हणून घेतलं होतं, अन् आमी मुकाट्यानं देल्लं होतं. व्याजाले तो महिना मोजला, तं मुदतीलेही मोजलाच गेला. कचेरीत गेलो असतो तं साहेबानं कागद वाचला असता अन् आमाले घरी धाडलं असतं.

सावकार गेल्यावर घरचे म्हणाले, "मी त्याच्या पाया पडतो. दोनच महिने मांगतो. माणूसच हाये तो."

"नाई पडाचं."

"अवं, मंग दाब जाईन!"

"पाया पडल्यावर त्यानं दोन महिने देल्ले, तं त्याच्या बदल्यात काय मांगीन, समजते का? व्याज दुप्पट करीन, नाईतं दाबात हिस्सा मांगीन. आगगाडी यिऊन राह्यली, दाबाचं मोल त्याले तुमच्यापेक्षा जास्त समजते. मंबईचं गिऱ्हाईक तो हौसेनं घेऊन आला होता का? त्याले पैसा नाई पाह्यजे. त्याले दाब पाह्यजे. मी देत नाई."

"मंग करतं काय?"

"छकडा जुंपा. अकोल्याले जाऊ."

सावनातला रस्ता तुमी पाह्यला नसन. काळी माती चाकाले अशी धरे का दर कोसाले उतरून काठीनं खरवडा लागे. मूर्तिजापूरच्या पुढं एका नाल्यानं आमाले अडवून ठेवलं. घरचे सारा रस्ता एकच म्हणत होते, का शेठ मुदतीआधी पैसा द्याचा नाई. अन् तसंच झालं.

शेठ म्हणाले, "बाई, मी नाई म्हणत नाई. पण तुमचा पैसा मी पुढं दिवाळीच्या वायद्यानं देल्ला हाये. या मंदीत आज मोकळी रक्कम कोणाजवळच नाई. मुदत मोडाची असन तं मुद्दल मी कुठून तरी उभं करतो. व्याज मातर भेटाचं नाई. पेढीची रीत हाये."

व्याज सोडलं तं सहाशेच्या वर, सातशेच्या जवळ रुपये जात होते. घरच्यायनं माह्याकडं पाह्यलं. ते लहान तोंड मले आजही दिसते. मंग मीच बोलली.

"शेठ, मले मुदत मोडाची नाई. तुमचा एक रुपया दिवाळीआधी हालू नका. मले फक्त हुंडी लिहून द्या."

"हुंडी?"

"दिवाळीच्या पाडव्याची मुदती हुंडी. ठेव अन् सारं व्याज, अधिकासकट, जेवढं पाडव्याले होते तेवढ्याची. जो आणीन त्याले पाडव्याले तुमी द्याचं. तुमाले पाडव्याले द्याचंच हाये, मले द्या का दुसऱ्याले, तुमाले काय फरक पडते?"

हे काही माह्या पोटातून नवतं आलं. तेजीच्या सालात मंबईचे दलाल आमची दाबाची मजुरी अशाच मुदती हुंड्यायनं चुकवत. आमी ते कागद घेऊन सराफाकडं जात असू. सराफ मुदतीपोतरचं व्याज कापून घे अन् उरलेले रोख हातावर ठेवे. तवा आमी त्या कापलेल्या पैशाले शिव्या देत होतो. त्या दिवशी मले तोच कापणारा सराफ देवावानी वाटला.

शेठ मोठ्यानं हासले. त्यायच्या मुनीमानं हिशेब केला, पाच हजारावर साठ-एक रुपये होत होते. हुंडी लिवली. खाली एकीकडं नांगर, एकीकडं बांगडी. शेठ म्हणाले, "बाई, तुमी माह्या पेढीवर बसाले पाह्यजे होतं." म्या म्हटलं, "माहा दाब हाये मले बसाले."

अमरावतीले पोळ्याच्या आधी पोचलो. आमच्या सावकाराची पेढी जिथं होती, त्याच गल्लीत दुसऱ्या टोकाले एक सराफ होता. या दोघायचं वाकडं सारं गाव जाणे. मी मुद्दाम त्याच्याकडंच गेली. अकोल्याच्या शेठची सही पाहून त्यानं मान डोलावली, पण म्हणे मंदी हाये, दीड रुपया शेकडा कापीन.

"रुपया," म्या म्हटलं. "दोन महिन्यायचे दोन रुपये शेकडा. नाई जमत तं शेजारच्याले इचारते. अन् मले हे पैसे कायले पाह्यजेत तेही सांगून ठेवते. पोळा झाला का आमच्या सावकाराच्या पुढ्यात ठेवाचे हायेत. त्याचं तोंड पाहाची तुमाले हौस असन तं अर्धा रुपया सोडा."

त्यानं अर्धा रुपया सोडला.

आता पाहा कसं झालं. हुंडीतून सराफानं शंभर-एक रुपये कापले. म्हणजे पाच हजाराले चाळीसेक कमी पडले. पण घरात व्याजाचे साडेसहाशे होते, दिवाळीपोतरच्या तेरा महिन्यायचे. मुदत दोन महिने आधी भरली, म्हणून आता सावकाराले अकराच महिन्यायचं द्याचं होतं, साडेपाचशे. शंभर तिथं वाचले! दिवाळीपोतरचे दोन महिने जे व्याज त्याले गेलं असतं, तेच आमी सराफाले देल्लं होतं. सारं चुकवून वर साठेक रुपये हातात राहत होते. मी हा हिशेब घरच्यायले तीन वेळा सांगतला, अन् तिसऱ्या वेळेस ते खदखदून हासले. त्या साऱ्या महिन्यात ते पहिल्यांदा हासले होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आमी दोघं सावकाराच्या पेढीवर गेलो. बायका तिथं जात नसत. मी गेली. मंबईचा टोपीवाला आधीच येऊन लोडाले टेकून बसला होता. सावकारानं कागद काढून ठेवला होता, अन् बाजूले दुसरा कोरा, दाब लिहून घ्याले.

घरच्यायनं थैल्या ठेवल्या. म्या म्हटलं, "पाच हजार मुद्दल. साडेपाचशे अकरा महिन्यायचं व्याज. मोजा."

त्यानं मोजले. दोनदा मोजले. रुपये वाजवून पाह्यले. खोटा एकही नाई निघाला. टोपीवाला उठला अन् जोडे घालून चालता झाला. सावकाराचं तोंड उतरलं, पण माणूस पक्का होता. लगेच हासला.

"बाई, एवढा आटापिटा कायले केला? हुंडी कापून शंभर रुपये घालवले म्हणतेत. मले आधी सांगतलं असतं तं मी दोन महिने असेच देल्ले असते."

"मांगा लागले असते ना पण," म्या म्हटलं. "कागद फाडा."

"अं?"

"आमच्यासमोर फाडा. अन् कर्ज फिटल्याची फारखती लिहून द्या."

त्यानं फारखती लिवली. कागद मधातून फाडून माह्या हातात देल्ला. म्या दोन्ही तुकडे पदरात बांधले. आमी उठलो तवा त्यानं मागून शेवटचा दगड फेकलाच.

"मंदी वाढूनच राह्यली, शेठ. हंगाम सुरू कराले पैसा लागीन. येसान पुन्हा याच दारात."

आमच्या घरचे खाली पाहू लागले. मी मागं फिरली अन् पुन्हा त्याच गादीसमोर यिऊन बसली.

"येऊ ना. पैसा लागला तं येऊ, कर्ज काढाची आमाले लाज नाई. पण त्या कागदावर महिने राहाचे नाईत. अमुक सालच्या दिवाळीचा पाडवा, अशी तिथी राहीन. नुसतं व्याज घ्या, मुद्दल शेवटी घ्या, मले चालते. माही ठेव पहिल्या दिवसापासून अकोल्याले चालू राहीन. अन् ते वाचून दाखवाले तुमचा मुनीम नाई पाह्यजे. मी शिकून घेईन, अन् सोता वाचीन."

मंग मी अक्षरं शिकली. हे जे लिहून राह्यली, ते त्याच्यातूनच.